कथा : ओळंबा

लेखक : तेरणाकाठचा

बरेच दिवस मनात असलेली कथा अखेर कागदावर आली. पात्रं काल्पनिक आहेत, पण गाव आमच्याच पट्ट्यातलं, औसा-उमरग्याच्या मधलं. वाचून स्पष्ट मत द्या, विशेषतः शेवटाबद्दल.

*

हजेरी संपली तेव्हा वर्गात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सरांनी दहावी अ चा १९९३ सालचा हजेरीपट कुठून तरी आणला होता आणि सगळी त्रेचाळीस नावं वाचली होती. ज्या नावाला उत्तर आलं नाही, तिथं ते क्षणभर थांबले आणि पुढं गेले. मग कुणीतरी माईक घेतला, फेटे बांधणं सुरू झालं, बुंदी-पुरीचं जेवण झालं.

दत्तू तीस वर्षांत पहिल्यांदा आला होता. दहावीची परीक्षा पत्र्याच्या शेडमध्ये देऊन तो जो पुण्याला गेला, तो तिथलाच झाला. आधी सेंट्रिंगवर मजूर, मग मुकादम, आता छोटी-मोठी कामं स्वतः घेतो. ग्रुपवर दर दिवाळीला सगळे बोलवायचे आणि तो काही ना काही कारण सांगायचा. विठ्ठल या गावात असतो, एवढं एकच खरं कारण होतं.

विठ्ठलच जवळ आला. "जुन्या गावात येतोस का? गाडी हाय माझी."

जुन्या गावात वेड्या बाभळींशिवाय काही नव्हतं. दगड लोकांनी कधीच उचलून नेले होते. विठ्ठलनं गाडी एका आडाजवळ लावली. त्या आडावरूनच दत्तूला कळलं, की समोरचा उंचवटा म्हणजे विठ्ठलचा वाडा.

"ही ढेलज," विठ्ठल म्हणाला. "हितं सागवानी खांब. आन् ही आतली खोली."

आतल्या खोलीत त्या पहाटे विठ्ठलची आई आणि धाकटी बहीण झोपल्या होत्या. गणपती बुडवून गाव उशिरा आडवं झालं होतं. चारला चार मिनिटं कमी होती. विठ्ठल आणि त्याचे अण्णा खळ्यावर होते. दत्तूचं घर गावाच्या टोकाला, तुराट्यांच्या कुडाचं, वर पाचट. ते हललं, वाकलं, पण त्यात कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

दोघं उंचवट्यावर बसले. दत्तूनं एक खडा उचलला, टाकला, परत उचलला.

"विठ्ठल, त्या वर्षी मृगाच्या आधी तुमच्या माळवदावर माती आमी टाकली."

"आमी म्हंजे? मी बी व्हतो की. गढीवरनं पांढरी माती आणली, तू भरायचास, मी जिन्यावर, आबा वर चोपायचा."

"आतल्या खोलीवर ब्याण्णव पाट्या."

विठ्ठल त्याच्याकडे बघत राहिला. "तू मोजल्या व्हत्या?"

"मोजल्या व्हत्या."

वारा सुटला होता. बाभळीच्या वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या.

"पुण्याला गेल्यावर पयल्या सायटीवर इंजिनेरला इचारलं," दत्तू म्हणाला. "एका पाटीत किती वजन बसतं म्हणून. त्यो म्हणला पंधरा किलो धर. तवापास्नं मी कुठल्या बी स्लॅबखाली झोपलो की गुणाकार करतो."

"आन् म्हणून आला न्हाईस व्हय?"

दत्तू बोलला नाही.

"तुझ्या आबानं नको म्हणलं व्हतं," विठ्ठल म्हणाला.

"कधी?"

"त्याच दिवशी सकाळी. आदल्या वर्षी दसरा-दिवाळीला धक्के बसायचे, आठवतंय? लोक आंगणात झोपायचे. तवा ह्या मागच्या भिंतीला पोट आलं व्हतं. तुझ्या आबानं वरनं ओळंबा सोडला. दोरा मधी भिंतीला टेकला आन् खाली गोळा चार बोटं लांब लोंबकळला. आबा म्हणला, अण्णा, आधी ही भिंत उतरवून बांधू, मग माती टाकू. अण्णा म्हणले, कणगीवर पाणी गळालंय, आधी माती टाक, भिंत दिवाळीनंतर बघू. आबा मुकाट्यानं शिडी चढला."

"तुला कुणी सांगितलं?"

"अण्णानंच. मरतानी न्हवं, चांगलं धडधाकट असतानी. एकदा पेरणी करतानी तिफण थांबवली, मला सांगितलं आन् परत तिफण धरली. तुझा आबा कधी बोलला न्हाई?"

आबानं भूकंपानंतर थापी हातात धरली नाही. भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचं गवंड्यांना शिक्षण मिळत होतं, रोजगारही होता. बोलवायला माणूस आला तर आबा शेळ्या घेऊन रानात निघून जायचा. अडीचशे फुटांच्या नव्या घरात खुंटीला ओळंबा टांगलेला असायचा. दोरा कुजून गोळा खाली पडला तेव्हा आईनं तो दाराला अडसर म्हणून ठेवला. आबाला मातीचं दुःख आहे, असंच दत्तू धरून चालला होता. आबा शिडीच्या पहिल्या पायरीपाशी अडकून राहिला होता, हे त्याला आज कळत होतं.

ऊन कलायला लागलं. विठ्ठल उठला, पाठीमागची माती झटकली.

"आमच्या नव्या घराच्या मागच्या भिंतीला भेग पडलीया. बघून जातोस का?"

"ओळंबा हाय का?"

"न्हाई. सुतळी हाय. दगुड तर काय, लागंल तेवढा हाय."

नव्या गावात, विठ्ठलच्या साडेसातशे फुटांच्या घरामागं, दत्तूनं दगडाला सुतळीची गाठ मारली. विठ्ठल स्टुलावर चढला आणि त्यानं सुतळीचं टोक भिंतीच्या वरच्या कडेला धरलं. दगड हेलकावे खात होता. दोघंही तो थांबायची वाट बघत उभे राहिले.

*

प्रतिसाद

निशिगंध_क : वाचून सुन्न झाले. तिफण थांबवून सांगणारे अण्णा डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांनी पुन्हा तिफण धरली, त्या एका वाक्यात सगळं आलं. शेवट मात्र मी सुतळीच्या आधीच, आबा शिडीपाशी अडकून राहिला तिथं केला असता. पुलेशु.

मुळशीकर : उलट शेवट तोच हवा. हे दोघे गळ्यात पडून रडले असते तर मी कथा मिटवून टाकली असती. एकाला काम सांगता आलं, दुसऱ्याला ते करता आलं, हेच त्यांचं भेटणं.

सोलापुरी_चादर : छान लिहिलंय. आमच्याही १९९५ च्या बॅचचं गेट-टुगेदर या दिवाळीत ठरतंय, म्हणून धागा उघडला. जुना हजेरीपट शाळेकडून मिळतो का? अर्ज करावा लागतो की मुख्याध्यापकांना भेटलं की देतात? आमच्या बॅचचे चारजण गेले. त्यांची नावं घ्यायची की नाही यावर ग्रुपवर दोन दिवस वाद चाललाय. एकाची बायको येणार आहे, तिच्यासमोर नाव वाचणं मला बरोबर वाटत नाही.

तेरणाकाठचा : @सोलापुरी_चादर, आमच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटल्यावर काम झालं होतं. नावांचं म्हणाल तर त्या ताईंनाच आधी विचारा. आमच्याकडे एका आईनं सांगितलं होतं, की माझ्या पोराचं नाव गाळलंत तर मी येणार नाही.

अभिजित_ल : कथेचा गाभा पटला, पण एक गोष्ट खटकली. शेवटी दत्तूला दोषमुक्त केल्यासारखं झालंय. किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती माळवदाच्या मातीखाली, हे जगजाहीर आहे. दरवर्षी थरावर थर चढवत दीड-दोन फूट माती साचायची. भूकंपानंतरही माती उतरवून कमी करा, असंच सांगत होते. म्हणजे त्या ब्याण्णव पाट्यांनीच घर पाडलं. आबानं आधी काय सांगितलं होतं, यानं वजन कमी होत नाही.

जुना_शाखा_अभियंता : मी त्या पुनर्वसनाच्या कामावर चार वर्षं होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अभिजितराव, माती जड होती हे खरं, पण तुमचं निम्मंच बरोबर आहे. तिथल्या भिंती अडीच-तीन फूट जाड, कुठे त्याहून जास्त. बघणाऱ्याला वाटायचं, किल्ला आहे. पण ती एक भिंत नसायची. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर, आणि मध्ये दगडाच्या कपच्या नि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. जोडायला चिखल. पावसाचं पाणी मुरलं की मधला भराव फुगतो, दोन थर एकमेकांपासून सुटायला लागतात. यालाच गवंडी पोट आलं म्हणतात. मग हादरा बसला की बाहेरचा थर बाहेर कोसळतो, आतला आत, आणि वर टेकलेली तुळई आधार सुटून खाली येते. आबानं ओळंबा सोडून जे पाहिलं ते अगदी तंतोतंत आहे. थाप मारली तर अशी भिंत बद्द वाजते, हेही जुन्या गवंड्यांना माहीत होतं.

आता पाट्यांचा हिशेब. आतली खोली दहा बाय बारा धरू. दीड फूट माती म्हणजे १८० घनफूट. घनफुटाला ४५ किलो धरलं तर सुमारे आठ टन. ब्याण्णव पाट्या पंधरा किलोच्या, म्हणजे १,३८० किलो. पसरून चोपल्यावर तीन इंचांचा थर. म्हणजे त्या दिवशी चढलेलं ओझं आधीच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं. त्यानं भर पडली, नाही कसं म्हणू? पण पोट आलेली ती भिंत आठ टनांखालीही उभी राहिली नसती, असं मला वाटतं. खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही.

एक चूक मात्र दुरुस्त करा. ढेलजेत सागवानी खांब आहेत असं तुम्ही लिहिलंय. ज्या खणांत लाकडी खांबांवर तुळया होत्या, तिथं भिंती पडूनही माळवद बऱ्याच ठिकाणी खांबांवर तसंच उभं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग आतल्या खोलीत खांब होते का? होते, तर ती खोली अशी पडायला नको. नव्हते, तर ते एका वाक्यात आलं पाहिजे, कारण सगळी कथा त्यावर उभी आहे.

तेरणाकाठचा : सर, मनापासून आभार. माझ्या मावशीच्या घरी नेमकं हेच झालं होतं. मधलं खांबांचं घर उभं, आणि मागाहून जोडलेली बाजूची खोली जमीनदोस्त. त्या खोलीच्या तुळया सरळ भिंतीतच घुसवलेल्या होत्या. मला ते इतकं ओळखीचं होतं, की लिहायचंच राहिलं. 'आतली खोली मागनं वाढवली, तिला खांब न्हाईत' एवढं विठ्ठलच्या तोंडी घालतो.

आणि तुमचा हिशेब वाचल्यावर वाटतंय, की दत्तूचा इंजिनेर त्याला अर्धवटच बोलला. पाटीचं वजन सांगितलं, भिंतीचं विचारलं नाही. दत्तू स्वतः आता बांधकामात आहे, तीस वर्षांत त्याला हे कळलं नसेल का? हा प्रश्न मला आता छळतोय.

मुळशीकर : कळलं असेल. पण स्वतःच्या हातानं उचललेली पाटी आठवते, भिंत कशी बांधली ते दुसऱ्यानं केलेलं असतं.

अभिजित_ल : @जुना_शाखा_अभियंता, भिंतीचं मला खरंच माहीत नव्हतं, मान्य. तरी सहावा हिस्सा म्हणजे कमी नाही. दत्तूनं तो वागवणं मला अजूनही योग्यच वाटतं.

पाटणची_सून : माझ्या सासरी कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी अजून निघतात. ११ डिसेंबर १९६७, तोही पहाटेचाच. सासूबाई सांगतात, त्याच्या आधीही धरण भरायला लागल्यापासून जमिनीतून आवाज यायचे, भांडी वाजायची, आणि हळूहळू लोकांना त्याची सवय झाली. कथेत आदल्या वर्षीचे धक्के आलेत ते वाचून अंगावर काटा आला. किल्लारीलाही असं आधी झालं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. माणसं अंगणात किती दिवस झोपणार? थंडी, पाऊस, लहान मूल. एक दिवस आत येतातच.

जुना_शाखा_अभियंता : हो ताई, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं बरेच धक्के बसले होते. घरांना तडेही गेले होते. लोक बाहेर झोपत, मग धक्के थांबले आणि सगळे पुन्हा घरात गेले. गवंड्याला पोट दिसतं ते म्हणूनच पटतं.

निलंग्याचा_पोऱ्या : भाषेबद्दल बोलतो. आमच्याकडं 'काय बघालास', 'कुठं चाललालास', 'गळालंय' असं येतं. तुमचं 'गळालंय' एकदम बरोबर बसलंय. पण 'तवापास्नं' आणि 'हितं' जरा सोलापूर-सांगलीकडचं वाटतं. आमची आजी 'तवापसून' म्हणायची.

तेरणाकाठचा : आमच्या गावाकडं उमरग्याच्या बाजूला दोन्ही ऐकलंय. सोलापूर जवळ, सोयरीक तिकडची. तरी तुमच्या आजीचं 'तवापसून' मला जास्त आवडलं, ते घेतो.

ओसरीवरची : उशिरा वाचली. कथा चांगली आहे हे सगळ्यांनी सांगितलंय, म्हणून मला जे टोचलं तेच सांगते. आबा आहे, अण्णा आहेत, दत्तू, विठ्ठल, सगळ्यांना नाव किंवा हाक आहे. ज्या दोघी गेल्या त्यांना नाही. 'आई आणि धाकटी बहीण' एवढंच. सगळी कथा पुरुषांच्या मनावरच्या ओझ्याची, आणि ते ओझं ज्यांच्यावर पडलं त्या नुसत्या खोलीत झोपलेल्या. त्या हजेरीत तरी नाव यायला हवं होतं.

निशिगंध_क : हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता परत वाचताना तेवढंच दिसतंय. पण बहीण धाकटी आहे ना, दहावीच्या हजेरीत कशी येईल?

ओसरीवरची : बरोबर, हजेरीत नाही येणार. मग ती जिथं येईल तिथं येऊ दे. माती वाहिली त्या दिवशी ती घरातच असणार की.

तेरणाकाठचा : तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. पहिल्या खर्ड्यात ती होती. कथा लांबतेय म्हणून मी तो परिच्छेद काढला. तो तसाच्या तसा इथं देतो :

"शालू जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. सातवीला होती. तिच्या हातात चुलीतला कोळसा. एक पाटी वर गेली की ती भिंतीवर एक रेघ ओढायची, चार झाल्या की पाचवी आडवी. दत्तू मुद्दाम रिकामी पाटी घेऊन तिच्यासमोरून जायचा आणि ती म्हणायची, ही धरणार न्हाई. संध्याकाळी आईनं चहा दिला तेव्हा शालूनं अठरा जुड्या मोजल्या आणि वर दोन. ब्याण्णव. आई म्हणाली, भिंत काळी केलीस, दिवाळीला तूच सारवायची."

ओसरीवरची : हे तुम्ही काढलंत? जिवंत पोर काढून टाकलीत. हिला आणि तिच्या आईला मी आता विसरणार नाही.

मुळशीकर : घाला परत. लांबली तर लांबू द्या.

जुना_शाखा_अभियंता : सारवायची भिंत म्हणजे आतल्या बाजूला चिखलाचा गिलावा होता. जिना भिंतीला लागूनच असायचा, तेही बरोबर आहे. फक्त ती पोट आलेलीच भिंत होती का, एवढं ठरवा.

ओसरीवरची : आणि एक. विठ्ठल विचारतो, 'तू मोजल्या व्हत्या?' आणि दत्तू 'मोजल्या व्हत्या' म्हणतो. मोजल्या शालूनं. विठ्ठलला ते माहीत असणार, तो तिचा भाऊ आहे, जिन्यावरच उभा होता. मग तो असं विचारेल का?

तेरणाकाठचा : काल रात्रीपासून त्याच ओळीपाशी बसलोय. दत्तूनं खरं सांगितलं तर त्याला तिचं नाव विठ्ठलसमोर घ्यावं लागतं, आणि त्याच्यानं ते घेववत नाही असं मला वाटतं. विठ्ठल विचारतो तेव्हा त्यालाही बहुतेक तेच ऐकायचं असेल, की दत्तूच्या तोंडून तिचं नाव निघतं का. तसं असेल तर ओळ बदलायला नको, फक्त शालू आधी यायला हवी. पण आधी कुठं, हे अजून सापडलेलं नाही.